अटॅकनंतर पाचव्या आठवड्यात शॉकचं मशीन बसवायचं का?

*डॉक्टर, माझ्या मालकांना (वय ५४) पाच आठवड्यांपूर्वी मोठा हार्ट अटॅक आला. कोल्हापुरात अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट पडला. मागच्या आठवड्यात इको केला, पंपिंग २८ टक्के आलं. एक डॉक्टर म्हणाले, ठोके बिघडून जिवाला धोका होऊ शकतो, शॉक देणारं मशीन बसवून घ्या. दुसरे म्हणाले, अजून थांबा. मालकांना चक्कर नाही, धडधड नाही, फक्त जिना चढताना दम लागतो. बीपी ११८/७४, नाडी ८४. गोळ्या: मेटोप्रोलॉल २५ एकदा, रॅमिप्रिल अडीच एकदा, रक्त पातळ करायच्या दोन आणि कोलेस्टेरॉलची एक. माझ्या चुलत दिरांना असंच मशीन आहे. दोन महिन्यांपूर्वी नदीवरची मोटार चालू करताना त्यांना लागोपाठ तीन शॉक बसले. तेव्हापासून ते मळ्यात पाऊल टाकत नाहीत. ते बघून मालक म्हणतात, मरण परवडलं पण ते मशीन नको. सीझनला आमचा ट्रॅक्टर कारखान्याला ऊस ओढतो, तो मालकच चालवतात. काय करावं?*
*— कागल तालुक्यातील एक भगिनी*

ताई, आत्ता लगेच मशीन बसवायची घाई करू नका. पण ‘नकोच’ असा निकालही आज लावू नका. अजून साधारण आठ आठवडे गोळ्या नीट वाढवून घ्या, मग पुन्हा इको करा आणि त्या इकोवर ठरवा. दोन डॉक्टरांनी तुम्हाला परस्परविरोधी सांगितलं असं वाटत असेल, पण मला तसं दिसत नाही. पहिल्यांनी धोका बरोबर ओळखलाय, दुसऱ्यांनी वेळ बरोबर सांगितलीय.

धोका कसला, ते आधी सांगतो. अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा जो भाग मेला, तिथं पुढच्या काही आठवड्यांत व्रण तयार होतो. त्या व्रणाच्या कडेनं विजेचा प्रवाह सरळ जायच्या ऐवजी गोल फिरत राहू शकतो. तसं झालं की खालचे कप्पे मिनिटाला दोनशे-अडीचशे वेळा धडपडतात आणि रक्त पुढं जातच नाही. माणूस काही सेकंदांत कोसळतो. पंपिंग जितकं कमी, तितका व्रण साधारणपणे मोठा, म्हणून आम्ही त्या आकड्याकडं इतकं बघतो. चक्कर नाही, धडधड नाही, हे ऐकून बरं वाटतं, पण अशा माणसांत पहिलं लक्षण हेच शेवटचं ठरू शकतं. एकदाही ठोके बिघडलेले नसताना मशीन सुचवण्यामागं हेच कारण आहे.

मग थांबायचं कशाला? कारण २८ हा आकडा अजून पक्का नाही. अटॅकनंतर काही स्नायू मेलेला नसतो, नुसता सुन्न पडलेला असतो. रक्तपुरवठा परत सुरू झाला तरी तो आठवडे-महिने घेऊन हळूहळू काम करायला लागतो. म्हणून नियम असा आहे: अटॅक येऊन किमान ४० दिवस झालेले हवेत, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली असेल तर तीन महिने, आणि निदान तीन महिने हार्ट फेल्युअरच्या गोळ्या पुरेशा डोसमध्ये घेतलेल्या हव्यात. एवढं करूनही पंपिंग ३५ टक्के किंवा त्याखाली आणि थोडाफार दम लागत असेल तर मशीन सुचवायचं. ३० किंवा त्याखाली असेल तर दम नसला तरी सुचवायचं. आणि माणूस चांगल्या स्थितीत निदान एक वर्ष तरी जगेल अशी अपेक्षा हवी. तुमच्या मालकांचे आज ३५ दिवस झालेत.

लवकर बसवलं तर निदान नुकसान तरी नाही ना, असं कुणीही विचारेल. हे तपासून झालंय. २००४ मध्ये ‘डिनामिट’ नावाच्या अभ्यासात अटॅकनंतरच्या ६ ते ४० दिवसांत ६७४ जणांपैकी अर्ध्यांना मशीन बसवलं. ठोके बिघडून होणारे मृत्यू त्यांच्यात खरोखर कमी झाले, पण इतर कारणांनी होणारे तितकेच वाढले. एकूण हिशेबात फरक पडला नाही. त्या पहिल्या आठवड्यांत माणसं पंप फेल होऊन, पुन्हा अटॅक येऊन किंवा हृदयाची भिंत फाटूनही दगावतात, आणि त्यावर शॉकचा उपयोग नाही.

आता मला तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ कुठली वाटली सांगू? गोळ्यांची. मेटोप्रोलॉल २५ आणि रॅमिप्रिल अडीच हे सुरुवातीचे डोस आहेत. हार्ट फेल्युअरमध्ये मेटोप्रोलॉल सक्सिनेट २०० पर्यंत आणि रॅमिप्रिल १० पर्यंत नेतात, दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं वाढवत. बीपी ११८ आणि नाडी ८४ म्हणजे वाढवायला चांगली जागा आहे. (पाकिटावर ‘सक्सिनेट’ लिहिलंय का तेही बघा, साधा टार्ट्रेट वेगळा असतो.) शिवाय दोन गोळ्या यादीत दिसतच नाहीत. एक स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, दुसरी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. दुसरी मधुमेहाची म्हणून ओळखली जाते, पण मधुमेह नसलेल्यांनाही हृदयासाठी देतात. रॅमिप्रिलच्या जागी सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन द्यायचं का, हाही प्रश्न डॉक्टरांपुढं ठेवा. तो बदल करताना रॅमिप्रिल बंद करून ३६ तास मध्ये जाऊ द्यावे लागतात, नाहीतर चेहरा आणि घसा सुजू शकतो. यातलं काहीही घरच्या घरी करू नका, कारण या गोळ्या वाढवताना पोटॅशियम आणि क्रिएटिनिन मधून मधून तपासावं लागतं. पण या आठवड्यात यादी घेऊन डॉक्टरांकडं जा आणि सरळ विचारा, की पंपिंगच्या चारही प्रकारच्या गोळ्या सुरू करता येतील का, आणि डोस कधी वाढवायचा.

हे आठ आठवडे नुसते वाट बघण्याचे नाहीत. या काळात मालक एकदा जरी बेशुद्ध पडले, किंवा एकदम जोराची धडधड होऊन डोळ्यांपुढं अंधारी आली, तर ४० दिवस आणि तीन महिने हे हिशेब तिथंच संपले. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. अटॅकचे पहिले दोन दिवस सोडून नंतर कधीही असे ठोके आले तर प्रश्न वेगळा होतो आणि मशीनची गरज लगेच येते. घरातल्या दोघांनी तरी छाती दाबायला शिकून घ्या: छातीच्या मधोमध, दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२०, पाच सेंटिमीटर खोल, आणि तोवर दुसऱ्यानं १०८ ला फोन.

तीन महिन्यांनंतरचा इको शक्यतो त्याच ठिकाणी करा आणि पंपिंग मोजून द्यायला सांगा, नुसतं डोळ्यांनी अंदाजानं नको. त्या मोजण्याला सिम्प्सन पद्धत म्हणतात. आकडा ४२ आला, तर मशीनचा विषय संपला, गोळ्या मात्र चालू. ३० आला आणि दम लागतोय, तर मी तुमच्या मालकांना मशीन बसवून घ्या असंच सांगेन. ३५-३६ आला तर तिथं अडकू नका. इकोमध्ये चार-पाच टक्क्यांचा फरक मोजणाऱ्यानुसारही पडतो. अशा वेळी हृदयाचा एमआरआय करून व्रण किती मोठा आहे ते पाहता येतं, किंवा गोळ्या अजून वाढवून पुन्हा मोजता येतं. ईसीजीत डाव्या बाजूची वायरिंग बंद पडल्याची खूण असेल, ज्याला आम्ही लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक म्हणतो, तर साध्या मशीनऐवजी हृदयाच्या दोन्ही बाजू एकत्र चालवणारं मशीन लागतं. तेही त्याच वेळी विचारा.

या मशीनकडून काय मिळतं आणि काय नाही, हे मालकांना नीट कळलं पाहिजे. २००२ मध्ये ‘मॅडिट-२’ हा अभ्यास झाला, जुना अटॅक आणि पंपिंग ३० किंवा त्याखाली असलेल्या १२३२ माणसांवर. सरासरी वीस महिन्यांत, मशीन नसलेल्या शंभरातले सुमारे वीस गेले, मशीन असलेल्यांतले सुमारे चौदा. म्हणजे शंभरामागं सहा जीव वाचले. हा मोठा फायदा आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो, की बसवलेल्या बहुतेकांना या काळात मशीनची गरज पडली नाही. आज आपल्याकडं त्या अभ्यासापेक्षा जास्त चांगल्या गोळ्या आहेत, त्यामुळं गोळ्या नीट घेणाऱ्यांत ठोके बिघडण्याचा धोका आणखी कमी होतो. आणि या मशीननं पंपिंग वाढत नाही, दम कमी होत नाही. दोन वर्षांनी कुणी म्हणालं, ‘एवढा खर्च करून जिना चढताना धाप लागतेच,’ तर ती त्या मशीनची चूक नाही. त्याचं काम फक्त ठोके बिघडले तर ओळखून ते मोडणं.

खर्चाचं एक सांगतो. एका वायरचं मशीन साधारणपणे पुरतं, दोन वायरचं घ्यायला सांगितलं तर कारण विचारा. शासनाच्या आरोग्य योजनेत बसतं का, ते योजना चालू असलेल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला कागदपत्रं दाखवून आधीच विचारून घ्या.

आता तुमच्या चुलत दिरांचं. मालकांची भीती त्यांच्यावरून आलीय, म्हणून इथं थोडं थांबतो.

मशीन आतली विजेची खूण ऐकतं आणि ठोके मोजतं. वेग ठरवलेल्या रेषेच्या वर गेला आणि काही सेकंद तसाच राहिला, तरच ते कामाला लागतं. आधी बरेचदा ते शॉक न देता झटपट बारीक ठोके देऊन तो गोल फिरणारा प्रवाह मोडायचा प्रयत्न करतं. पेशंटला हे बहुधा कळतही नाही, आणि बऱ्याच वेळा तेवढ्यावरच भागतं. नाही भागलं तर शॉक. तो छातीत कुणी जोरात लाथ घातल्यासारखा लागतो असं बहुतेक जण सांगतात, आणि क्षणात संपतो.

तुमच्या दिरांना मोटारीजवळ शॉक बसले, तेव्हा तीन शक्यता माझ्या डोक्यात येतात. पहिली, मोटारीच्या स्टार्टरमध्ये किंवा पाइपमध्ये वीज गळत असेल. ओले हात, पाय चिखलात, अशा वेळी बारीक करंट अंगातून जातो. माणसाला फक्त झिणझिण्या येतात, कधी तेही नाही. पण मशीन त्या ५० हर्ट्झच्या खुणांना हृदयाचे ठोके समजतं, म्हणजे मिनिटाला ३००० ठोके, आणि शॉक देतं. गळक्या विजेमुळं असं घडल्याच्या नोंदी आलेल्या आहेत. पण यात साधारणपणे हात सुटला की खूण थांबते आणि शॉकही थांबतो. तीन शॉक लागोपाठ बसले असतील तर त्यांचा हात पाइपला धरलेला राहिला होता का, हे विचारायला हवं. दुसरी शक्यता, वायर आतून तुटायला लागली असेल. गळपट्टीच्या हाडाखाली ती वर्षानुवर्षं चेपली जाते, आणि हाताला हिसका बसला की तिच्यात खरखर होते. मशीन त्यालाही ठोके समजतं. हे खरं असेल तर असं पुन्हा होणार, मोटारीजवळच नव्हे तर घरातही. तिसरी, ठोके खरोखर बिघडले असतील आणि मशीननं त्यांचा जीव वाचवला असेल. या तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत: पहिल्यात अर्थिंग, दुसऱ्यात नवी वायर, तिसऱ्यात गोळ्या वाढवणं किंवा अ‍ॅब्लेशन, म्हणजे हृदयात बारीक तार नेऊन बिघाडाची जागा जाळणं.

फरक कळतो कसा? प्रत्येक घटनेची नोंद मशीनच्या मेमरीत असते. दवाखान्यात छातीवर एक छोटी कांडी ठेवून काही मिनिटांत ती वाचता येते. गळक्या विजेची खूण एकसारखी, दाट, ठोक्यांशी संबंध नसलेली दिसते, आणि ती सगळ्या चॅनेलवर एकदम येते. तुटक्या वायरची खूण वेडीवाकडी, अशक्य वाटेल इतक्या जवळजवळच्या टोचण्यांची असते, आणि वायरचा रोध अचानक चढलेला असतो. खऱ्या बिघाडात रुंद, नियमित किंवा अगदी गोंधळलेले ठोके दिसतात. म्हणून दिरांना सांगा, दोन महिने झाले असले तरी मशीन तपासून घ्या. मेमरी मर्यादित असते, नव्या नोंदी आल्या की जुन्या पुसल्या जातात.

मोटारीचं तर लगेच करायला हवं. चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, पुन्हा खड्डा करून घ्यावा लागला तरी चालेल. अर्थ-लिकेज ब्रेकर लावा, पण नुसत्या ब्रेकरवर विसंबू नका, कारण तो ज्या पातळीला पडतो त्याच्या खूप खालचा करंटही मशीनला गोंधळात पाडू शकतो. मळ्यातल्या मोटारीला मोबाइलवरून चालू होणारा स्टार्टर आता सहज मिळतो. तो बसवला की मशीन असलेल्या माणसाला पेटीला हात लावायचीच गरज नाही. बांधावरून मळ्यात हिंडायला काही अडचण नाही. चालताना ठोके १२०-१३० जातील, पण ठोके एकदाही बिघडलेले नसताना प्रतिबंध म्हणून बसवलेल्या मशीनची रेषा सहसा २०० च्या आसपास ठेवतात. २०१२ मध्ये १५०० जणांवर झालेल्या अभ्यासात रेषा वर ठेवली किंवा मशीनला थोडं थांबायला लावलं, तेव्हा अनावश्यक उपचार खूप कमी झाले आणि मृत्यूही कमी झाले. मालकांना मशीन बसवायची वेळ आली तर बसवणाऱ्या डॉक्टरांना नेमकं विचारा: ‘रेषा कितीवर ठेवणार आणि किती सेकंद थांबायला लावणार?’ दिरांच्या मशीनचीही हीच माहिती काढा.

शॉक बसल्यावर काय करायचं, हे घरात सगळ्यांना आधीच ठाऊक असलं पाहिजे. एक शॉक बसला, माणूस शुद्धीवर आहे, दम नाही, छातीत दुखत नाही: तर बसा, पाणी प्या, आणि त्याच दिवशी दवाखान्यात फोन करून मशीन तपासायची वेळ घ्या. रात्री बसला तर सकाळी. दोन किंवा जास्त शॉक थोड्या वेळात बसले, किंवा एकच बसला पण छातीत दुखतंय, धाप आहे, चक्कर आहे, तर १०८ बोलवायची आणि दवाखान्यात जायचं. चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा ठोके बिघडले तर त्याला आम्ही विजेचं वादळ म्हणतो, त्यात दाखल करावंच लागतं. पडलेल्या माणसाला हात लावल्यावर कुणाला करंट लागेल ही भीती ठेवू नका. शॉकच्या वेळी स्पर्श केलेल्याला फार तर हलकी झिणझिण होते, इजा होत नाही. मशीन एका घटनेत ठरावीक शॉक देऊन थांबतं, आणि मग माणूस श्वास घेत नसेल तर छाती दाबायची आपल्यालाच.

शॉकनंतरची भीती ही नाटक नसते. शॉक कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणूनच माणूस घाबरतो आणि हळूहळू घरातच बसतो. त्याला ‘हिंमत ठेवा’ म्हणून काही होत नाही. कारण सापडलं, मशीनची रेषा बदलली, अर्थिंग दुरुस्त झालं, मग कुणीतरी सोबत घेऊन रोज थोडं थोडं मळ्यापर्यंत जायचं, असं केलं की बऱ्याच जणांची गाडी पुन्हा रुळावर येते. महिनाभरातही झोप लागत नसेल, रोज छातीकडं हात जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडं नक्की जा. तो उपचार उपयोगी पडतो.

ट्रॅक्टरबद्दल मी मऊ बोलणार नाही. मशीन बसवलेल्या माणसानं उसानं भरलेल्या ट्रॉल्या ओढणं मला मान्य नाही. जखम भरल्यावर स्वतःची दुचाकी किंवा गाडी चालवायला साधारण आठवड्यानंतर हरकत नसते, आणि शॉक बसला तर निदान तीन महिने थांबायचं असतं. पण व्यवसायाची, जड वाहनं चालवायला परदेशातले नियमही मशीन बसवलेल्यांना मनाई करतात, आणि रस्त्यावरच्या लोकांसाठी ते योग्यच आहे. २८ टक्के पंपिंग असताना तर आत्ताही त्यांनी ट्रॉली ओढू नये. यंदाच्या सीझनला दुसरा चालक ठेवायचा की ट्रॅक्टर भाड्यानं द्यायचा, ते तुम्ही दोघं आजच ठरवा. मशीनचा निर्णय होईपर्यंत थांबलात तर तोडणी सुरू झाल्यावर घाईत मालकच पुन्हा स्टिअरिंगवर बसतील.